एफिशियन्सी १११ टक्के आली तर: क्यूपीसीआरची डायल्युशन सिरीज आणि मेल्ट कर्व्ह एकत्र कसे वाचायचे

आमच्या बडोद्याच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "ताई, आर स्क्वेअर ०.९९३ आला. प्रायमर पास ना?" शेजारी उभा असलेला लॅब असिस्टंट स्क्रीनकडे एक नजर टाकून म्हणाला, "चालशे." मी एफिशियन्सी विचारली. १११ टक्के. आता पीसीआरमध्ये एका चक्रात एका रेणूचे फार तर दोन होतात, म्हणजे शंभर टक्क्यांच्या वर जाण्याची सोयच नाही. मग हे जास्तीचे अकरा टक्के आले कुठून? त्याच प्लेटवरून ते कसे शोधले, ते इथे पहिल्यापासून सांगते. प्रायमर तपासण्याची सगळी रीत त्यात येऊन जाते.

आधी ३.३२ हा आकडा समजून घ्या

प्रत्येक चक्रात डीएनए दुप्पट होत असेल, तर दहापट व्हायला किती चक्रे लागतील? तीन चक्रांत आठपट, चारांत सोळापट. दहापट कुठेतरी मध्ये येते, नेमके ३.३२ चक्रांवर. म्हणून एखादा नमुना दहापट पातळ केला, तर त्याचा सीक्यू, म्हणजे चमक ठरावीक रेषा ओलांडते तो चक्राचा आकडा, ३.३२ ने पुढे जायला हवा. प्रायमर थोडे आळशी असतील आणि दुपटीऐवजी १.९ पटच होत असेल, तर हे अंतर वाढून ३.५९ च्या आसपास जाते. डायल्युशन सिरीजमध्ये आपण हे अंतर मोजतो, दुसरे काही नाही. उतार, लॉग, सूत्र हे सगळे त्या एका अंतराची सरासरी नीट काढण्यासाठी आहे.

सिरीज बनवताना

आमचा नमुना एरंडाच्या मुळांचा होता. चार-पाच नमुन्यांचे सीडीएनए थोडे थोडे एकत्र करून एक पूल केला आणि त्याचीच सिरीज लावली. शुद्ध प्लाझ्मिड वापरले तर आकडे सुंदर येतात, पण पुढे मोजायचे आहेत ते मुळांचे नमुने. त्यांच्यातला गाळ-चिकटा एफिशियन्सीवर काय परिणाम करतो, ते प्लाझ्मिड सांगणार नाही.

पाच नळ्या घ्या. पहिलीत मूळ पूल. पुढच्या चारांत ४५ मायक्रोलिटर न्यूक्लिएज-मुक्त पाणी. पहिलीतून ५ मायक्रोलिटर दुसरीत, दुसरीतून ५ तिसरीत, असे शेवटपर्यंत. १ मायक्रोलिटर आणि ९ पाणी या हिशेबानेही दहापट होते, पण १ मायक्रोलिटर उचलताना होणारी चूक पाचपेक्षा खूप मोठी असते, आणि सिरीजमध्ये ती पुढच्या प्रत्येक नळीत वाहत जाते. दर वेळी टिप बदला. द्रव सोडल्यावर नळी व्होर्टेक्स करा, मग क्षणभर स्पिन करा. हे मिसळणे लोक टाळतात. शेव-उसळीच्या तरीत वरून पाणी ओतून न ढवळता पहिला चमचा घेतला तर जे होते तेच इथे होते: कुठे नुसते पाणी, कुठे नुसता तवंग.

सिरीज त्याच दिवशी बनवा आणि त्याच दिवशी वापरा. शेवटच्या नळीत डीएनए इतका कमी असतो की ठेवून दिल्यावर त्यातला काही प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतो. मग त्या नळीचा सीक्यू उगाच उशिरा येतो.

प्रत्येक पातळीची तीन वेल आणि पाण्याची तीन वेल, म्हणजे एनटीसी. एकूण १८. मास्टर मिक्स मात्र २० वेलचा करा, नाहीतर शेवटच्या वेलला कमी पडतो. २० मायक्रोलिटरच्या एका वेलसाठी आमचे प्रमाण असे होते: सायबर ग्रीनचा दुप्पट तीव्रतेचा मिक्स १०, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलरच्या साठ्यातून १-१, पाणी ४. हे झाले १६, आणि वरून टेम्प्लेट ४. यात प्रत्येक प्रायमर ५०० नॅनोमोलर पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चक्रे नेहमीची: ९५ अंशांवर सुरुवात, मग ९५ आणि ६० अंशांची ४० चक्रे, आणि शेवटी ६५ ते ९५ अंशांपर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंशाने मेल्ट. मेल्टचा टप्पा प्रोग्राममध्ये आहे ना, हे रन सुरू करण्याआधी बघा. आमच्याकडे एकदा तो राहिला होता. प्लेट बाहेर काढून टाकून दिल्यावर ते कळले.

सूत्राआधी फरक बघा

त्या मुलीच्या प्लेटचे आकडे, तीन-तीन वेलची सरासरी:

| पातळी | सीक्यू | आधीच्या पातळीपासून फरक |
|---|---|---|
| मूळ | १८.२ | – |
| १० पट पातळ | २१.६ | ३.४ |
| १०० पट | २५.० | ३.४ |
| १,००० पट | २८.२ | ३.२ |
| १०,००० पट | ३०.३ | २.१ |
| एनटीसी | ३१.० | – |

सॉफ्टवेअर उतार काढून देतेच, पण मी आधी हा तिसरा स्तंभ हाताने लिहायला लावते. वजाबाकीच तर आहे. पहिली दोन अंतरे ३.४, म्हणजे प्रायमर व्यवस्थित काम करत आहेत. तिसरे जरा आखडले. चौथे थेट २.१ वर आले. शेवटची नळी दहापट पातळ असूनही चमक अपेक्षेपेक्षा सव्वा-दीड चक्र आधीच दिसली.

आता सूत्र. स्प्रेडशीटमध्ये बी स्तंभात पातळीचा लॉग, म्हणजे 0, -1, -2, -3, -4, आणि सी स्तंभात सीक्यू भरा. मग:

```
=SLOPE(C2:C6,B2:B6)
=RSQ(C2:C6,B2:B6)
=10^(-1/E2)-1
```

इथे उतार `E2` मध्ये आहे असे धरले आहे. `SLOPE` मध्ये सीक्यू आधी आणि लॉग नंतर. उलटे लिहिले तर उतार -०.३ च्या आसपास येतो, त्यावरून चूक लगेच ओळखता येते. आमचा उतार आला -३.०८ आणि एफिशियन्सी १११ टक्के. सर्वसाधारणपणे ९० ते ११० टक्के, म्हणजे साधारण -३.५९ ते -३.१० उतार, स्वीकारला जातो. आमचा आकडा जेमतेम बाहेर होता. अशा वेळी "एक टक्क्याने काय होते" असे वाटतेच.

आर स्क्वेअर ०.९९३ हे त्या मुलीला आश्वासक वाटले, यात तिची चूक नाही. पाच बिंदू, सीक्यूमध्ये बारा चक्रांचा पसारा, त्यात शेवटचा बिंदू एका चक्राने सरकला तरी आर स्क्वेअर जेमतेम हलतो. बिंदू एका रेषेच्या आसपास आहेत, एवढेच तो सांगतो. रेषा टोकाला वाकली आहे का, हे त्याच्यातून दिसत नाही. ते फरकांच्या स्तंभात दिसते.

आता एक प्रयोग करून बघा. शेवटचा बिंदू वगळला की उतार -३.३४ होतो आणि एफिशियन्सी ९९ टक्के. शेवटचे दोन वगळले की -३.४०, म्हणजे ९७ टक्के. पातळ टोकाकडचे बिंदू काढत गेले की आकडा शहाणा होतो, म्हणजे बिघाड त्या टोकाला आहे.

कुठले टोक वाकले आहे?

शंभरच्या वरची एफिशियन्सी मुख्यतः दोन कारणांनी येते, आणि दोन्ही कारणे सिरीजच्या विरुद्ध टोकांना दिसतात.

पहिले कारण अडथळ्याचे. वनस्पतींच्या नमुन्यात शर्करांचा चिकटा आणि फिनॉल उरतात, सीडीएनए बनवतानाचे एन्झाइम आणि क्षारही सोबत येतात. मूळ, घट्ट नळीत हे सगळे पॉलिमरेजच्या आड येते आणि तिचा सीक्यू उशिरा येतो. पातळ करताच अडथळाही पातळ होतो. त्यामुळे पहिले अंतर लहान, समजा २.५, आणि पुढची अंतरे ठीक, असे चित्र दिसते. उपाय सोपा: मूळ नळी सोडा आणि सिरीज दहापट पातळ नमुन्यापासून सुरू करा. पुढे नमुनेही तसेच पातळ करून लावा.

दुसरे कारण प्रायमर डायमरचे, आणि ते शेवटच्या टोकाला. सायबर ग्रीन कुठल्याही दुहेरी धाग्याच्या डीएनएला चिकटून चमकतो. तो डीएनए तुमच्या जनुकाचा आहे की दोन प्रायमरनी एकमेकांना धरून बनवलेला आहे, हे त्याला कळत नाही. टेम्प्लेट भरपूर असताना खरा तुकडा इतक्या लवकर वाढतो की डायमरची चमक त्यात बुडून जाते. शेवटच्या नळीत टेम्प्लेटच थोडे उरते, मग डायमरची चमकही मोजली जाते आणि सीक्यू अलीकडे सरकतो.

आमच्या आकड्यांवरच ढोबळ हिशेब करा. अंतर ३.४ चेच राहिले असते तर शेवटची नळी ३१.८ वर आली असती. एनटीसी, म्हणजे निव्वळ डायमर, ३१.० वर येतो. म्हणजे त्या वेलमध्ये डायमरची चमक खऱ्या तुकड्यापेक्षा आधी वर येते, आणि दोघांची बेरीज ३०.३ च्या आसपास रेषा ओलांडते. नेमका तोच आकडा आला होता. प्रत्यक्षात टेम्प्लेट असताना डायमर थोडा दबून राहतो, तेव्हा हिशेब दर वेळी इतका चोख जुळेल असे नाही.

याच हिशेबातून एक उपयोगी अंदाज मिळतो. एनटीसी आणि नमुना यांत पाच चक्रांचे अंतर असेल, तर डायमरचा वाटा साधारण तीन टक्के. सात चक्रांचे असेल तर एक टक्क्याहून कमी. म्हणून एनटीसीत काहीतरी उगवले की घाबरण्याआधी तुमचा सगळ्यात कमजोर नमुना त्याच्यापासून किती दूर आहे, ते बघा.

मेल्ट कर्व्ह: शंकेचा पुरावा

इथवर आपण अंदाज बांधला. तो पडताळायला मेल्ट कर्व्ह. तापमान हळूहळू वाढवत नेले की दुहेरी धागे सुटतात, रंग निघून जातो आणि चमक पडते. मशीन ती पडण्याची गती काढते, म्हणून पडद्यावर घसरणीऐवजी शिखर दिसते. अक्षावर -dF/dT लिहिलेले असते ते हेच. शिखर ज्या तापमानावर, त्या तापमानाला तो तुकडा वितळतो.

आमचा खरा तुकडा १२४ बेसचा होता. डायमर म्हणजे जेमतेम दोन प्रायमरच्या लांबीइतका, बहुधा ५० बेसच्याही आत. आखूड तुकडा कमी तापमानाला सुटतो. म्हणून डायमरचे शिखर बहुतेक वेळा डावीकडे, सत्तरीच्या घरात, आणि बरेचदा रुंद, बुटके असते. पण तापमान पाठ करू नका. जीसीचे प्रमाण आणि मिक्समधले क्षार यांनी ते सरकते. तुमच्याच प्लेटवरची सर्वांत घट्ट वेल हा खऱ्या शिखराचा मापदंड आणि एनटीसी हा डायमरचा.

सगळ्या वेलच्या रेषा एकदम पडद्यावर आणू नका, गुंता दिसतो. घट्टपासून पातळपर्यंत एकेक पातळी उघडा. आमच्याकडे मूळ, दहापट आणि शंभरपट या तिन्हींत एकच टोकदार शिखर होते, ८४.५ अंशांवर. हजारपट पातळ वेलमध्ये तेच शिखर, पण ७६ अंशांच्या जवळ जमिनीलगत एक हलका फुगवटा. मुलीला तो आधी दिसलाच नाही, कारण मोठ्या शिखरामुळे अक्ष ताणलेला होता. दहाहजारपट वेलमध्ये ७६ आणि ८४.५ अशी दोन शिखरे. एनटीसीत फक्त ७६. फरकांच्या स्तंभात ३.४, ३.४, ३.२, २.१ असे जे आखडत गेले, तेच इथे डोळ्यांनी दिसले.

शिखराच्या उंचीवरून "निम्मा डायमर, निम्मे जनुक" असे मात्र म्हणू नका. लांब तुकड्यात रंगाला बसायला जागा जास्त असते, त्यामुळे रेणूगणिक चमकही जास्त. शिवाय मेल्ट चाळिसाव्या चक्रानंतर घेतला जातो. सीक्यूच्या क्षणी काय प्रमाण होते, हे त्यावरून कळत नाही.

दोन शिखरे म्हणजे डायमरच, असेही नाही. इथे नवशिके जास्त फसतात. एनटीसीतले शिखर ८४.५ वरच आले असते, तर तो डायमर नसून प्रदूषण: पाण्यात, मिक्समध्ये किंवा प्रायमरच्या नळीत तुमचाच तुकडा शिरला आहे. त्यावर प्रायमर बदलून काही होणार नाही, नळ्या बदलाव्या लागतात. दुसरी शक्यता अशी की जास्तीचे शिखर घट्ट वेलमध्येही आहे आणि एनटीसीत नाही. तेव्हा प्रायमर दुसरीकडेही चिकटत असतील, किंवा जीनोमिक डीएनए उरला असेल. नाहीतर एकच तुकडा दोन टप्प्यांत सुटत असेल, एक भाग जीसीने भरलेला आणि दुसरा एटीने, असे होते. या शेवटच्या शक्यतेत प्रायमर निर्दोष असतात. निवाडा जेलवर: ३ टक्के अॅगरोजवर वेलमधला माल चालवा. एकच पट्टी आली, तीही योग्य लांबीची, तर दोन शिखरे माफ. आम्ही चालवला तेव्हा दहाहजारपट वेलमध्ये १२४ च्या जागी पट्टी होती आणि खाली, ५० च्या मार्करच्याही खाली, धूसर ठिपका. एनटीसीत फक्त ठिपका.

दुरुस्ती

प्रायमरच्या सिक्वेन्स शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा कारण सापडले. दोघांच्या ३ प्राइम टोकांचे चार बेस एकमेकांशी जुळत होते:

```
5'-...CTGC-3'
   3'-GACG...-5'
```

३ प्राइम टोक जुळले की पॉलिमरेज तिथूनच पुढे धागा वाढवते, आणि एकदा तो डायमर बनला की पुढच्या प्रत्येक चक्रात तोच टेम्प्लेट. चारही बेस जुळणारी अशी जोडी मुळात मागवायलाच नको होती. पण ती फ्रीजरमध्ये होती आणि नवीन येईपर्यंत आठवडा गेला असता, म्हणून आधी प्रमाण कमी करून पाहिले.

५०० ऐवजी २०० नॅनोमोलर. म्हणजे वेलला प्रत्येक प्रायमर १ ऐवजी ०.४ मायक्रोलिटर आणि पाणी ४ ऐवजी ५.२. हे वेलगणिक मोजायचे नाही. २० वेलच्या मास्टर मिक्समध्ये प्रत्येक प्रायमर ८, पाणी १०४, सायबर मिक्स २००, एकूण ३२०, आणि त्यातून १६-१६. बाकी काहीही बदलले नाही. अॅनीलिंगचे तापमानही एकदमच वाढवायचा मोह होतो, पण दोन्ही बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

दुसऱ्या प्लेटचे आकडे: १८.४, २१.८, २५.२, २८.५, ३१.९. फरक ३.४, ३.४, ३.३, ३.४. उतार -३.३७, एफिशियन्सी ९८ टक्के. पाचही पातळ्यांत ८४.५ वर एकच शिखर. एनटीसीच्या तीनपैकी दोन वेल चाळीस चक्रांत उगवल्याच नाहीत, एक ३७.६ वर उगवली, शिखर ७६ वर. डायमर गेला नव्हता, मागे सरकला होता. ३१.९ पासून साडेपाच चक्रे दूर, म्हणजे सर्वांत पातळ बिंदूलाही त्याचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आत.

प्रायमर कमी केल्यावर घट्ट नळीचा सीक्यूही बराच मागे गेला असता, किंवा उतार -३.६ च्या पलीकडे गेला असता, तर प्रायमर अपुरे पडत आहेत असे समजून ३०० वर यायचे. त्यानेही भागले नाही तर अॅनीलिंग ६० वरून ६२ करून बघायचे. तिथेही नाही जमले तर नवीन प्रायमर मागवा, त्यात कमीपणा नाही. काही लोक प्रत्येक चक्रात ७९-८० अंशांवर, म्हणजे डायमर सुटून गेल्यावर, चमक वाचण्याची पायरी घालतात. आकडा सुधारतो, पण डायमर बनतच राहतो आणि प्रायमर खातो. मी ते नाईलाज झाला तरच करते.

वहीत त्या मुलीने उतार, एफिशियन्सी आणि आर स्क्वेअर लिहिले. मी त्याखाली आणखी तीन गोष्टी लिहायला लावल्या: प्रायमरचे प्रमाण, एनटीसीचा सीक्यू त्याच्या शिखरासकट, आणि सीक्यू १८.४ ते ३१.९ ही मर्यादा. क्यूपीसीआरचे निकाल कसे नोंदवावेत याच्या २००९ सालच्या एमआयक्यूई सूचनाही एफिशियन्सी, एनटीसी आणि मोजणीची रेषीय मर्यादा हे सगळे मागतात. ३३ वर आलेला नमुना या सिरीजच्या बाहेरचा आहे. ९८ टक्के त्याला लावता येत नाहीत.

मग तिने विचारले, "ताई, पहिल्या प्लेटवरचेच १११ टक्के घेऊन पुढे गेले असते तर?" दोन नमुन्यांत पाच चक्रांचा फरक आहे असे धरून तिलाच हिशेब करायला सांगितला. २.११ चा पाचवा घात ४२, १.९८ चा ३०. एकाच प्रायमरवर, त्याच मुळांत, जनुक तीसपटीऐवजी बेचाळीसपट वाढल्याचे तिने लिहिले असते.